आतल्या शिवणीतला तुकडा

दशरथ पगारेच्या हाताखालून गेलेली बॅग खोटं बोलू शकत नाही, असं सलमाबादच्या त्या गोदामात सगळे म्हणत. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त दशरथ स्वतःच म्हणे. नाशिकला सातपूरच्या बॅगांच्या कारखान्यात अकरा वर्षं, आणि इथे बहारीनमध्ये ‘नूरान ट्रेडिंग’च्या वॉरंटी खात्यात चौदा वर्षं. पंचवीस वर्षं माणसाने दुसरं काही बघितलंच नाही, तर तेवढी तरी शेखी मिरवू द्यावी की त्याला!

नूरानवाले ‘टेल्मॉर’ नावाच्या शाळेच्या बॅगा आणि प्रवासाच्या बॅगा विकत. मनामा, रिफा, मुहर्रक, सगळीकडे दुकानं. बिघडलेली बॅग दुकानातून गोदामात यायची आणि दशरथच्या टेबलावर पडायची. ही बॅग आपली का बाजारातली नक्कल, बिघाड कारखान्याचा का गिऱ्हाइकाच्या हलगर्जीचा, हे तो ठरवायचा. तो लिहील ते शेवटचं. त्याच्यावर अपील नाही.

पद्धत त्याची ठरलेली. आधी चेन. चेन ओढायची ती लहानशी पट्टी, म्हणजे पुलर, तो हातात घ्यायचा. टेल्मॉरचा पुलर ओतीव असतो, जस्ताचा, वजनाला भरीव, दोन्ही बाजूंना नाव खोल उमटलेलं. त्याला लोहचुंबक चिकटत नाही. नकलेचा पुलर पातळ पत्रा कापून केलेला, नाव एकाच बाजूला, आणि चुंबक दाखवला की टक्कन चिकटतो. मग आतल्या खिशातला टॅग. खऱ्या बॅगेत टॅग अस्तराबरोबर शिवणीतच धरलेला असतो, त्याच्यावरून कड झाकणारी पायपिंगची पट्टी गेलेली असते. नकलेत तो मागाहून वरून शिवतात. आणि मग शेवटी बॅग उलटी करायची. इंचाला टाके किती, पट्टा बॅगेला धरतो तिथे चौकटीत फुलीची शिवण आहे की नाही, तळाला घातलेला प्लास्टिकचा पत्रा कसला, कच्च्या कडा झाकल्यात की उघड्या सोडल्यात. शंभूला, म्हणजे दुरुस्तीच्या बाकावरच्या कारागिराला, तो नेहमी सांगायचा, “अरे, पुलर नि टॅग काय, चार आण्याला बाजारात मिळतात. बॅग ओळखायची ती पोटातून.”

एकदा एका बाईची ट्रॉली आली होती. आतलं अस्तर हाताला चिकटत होतं, खपल्या पडत होत्या. सगळे म्हणाले, नक्कल. दशरथने बॅग उलटी केली आणि सांगितलं, “अस्सल आहे. तीन उन्हाळे बंद खोलीत, एसीशिवाय पडलीय. दमट उकाड्यात अस्तराचा लेप असाच सुटतो.” बाईने कबूल केलं, तीन वर्षं ती गावी होती. तेव्हापासून दशरथचा भाव आणखी वधारला.

तर हा सगळा शहाणपणा सांगणाऱ्या माणसाने त्या सप्टेंबरातल्या सोमवारी काय करावं?

मनाम्यातल्या नईम भागातल्या दुकानातून एकाच आठवड्यात शाळेच्या सहा बॅगा परत आल्या. शाळा उघडून पंधरा दिवस झाले नव्हते. कुणाचा पुलर तुटून हातात आलेला, कुणाची चेन मधूनच फाकलेली. खदिजा नावाच्या एका शिक्षिकेने दुकानात येऊन एवढा आवाज केला होता की तो फोनवर हेड ऑफिसपर्यंत ऐकू गेला. तिच्या मुलीची बॅग रस्त्यात उघडून वह्या पसरल्या होत्या. विलास सर, ऑपरेशन्स मॅनेजर, पुण्याचे, सनाबिसला राहणारे, सहसा गोदामात न फिरकणारे, ते स्वतः आले. बरोबर मालकांचा पुतण्याही होता.

“पगारे, आपली बॅग पंधरा दिवसांत मोडत नाही,” विलास सर म्हणाले. “मोडतेय आणि तीही एकाच दुकानातून, म्हणजे तिथे काहीतरी शिजतंय. जरा बघा. आमचे पगारे पाच मिनिटांत सांगतात,” असं त्यांनी पुतण्याला इंग्रजीत सांगितलं.

झालं! दशरथची छाती फुगली. त्याने पहिली बॅग उचलली. पुलर पत्र्याचा, नाव एका बाजूला. ड्रॉवरमधून चुंबक काढून जवळ नेला. टक्कन चिकटला. पुतण्याने “ओह!” केलं. दशरथने आतला खिसा ओढला. टॅग वरून शिवलेला, दोरा पांढरा. बाकीच्या बॅगेचा दोरा राखाडी.

“डुप्लिकेट,” दशरथ म्हणाला.

दुसरी, तिसरी, सहाही तशाच. विलास सरांनी घड्याळ बघितलं. “चार मिनिटं,” ते हसून म्हणाले. बॅग उलटी करायची राहिली. कोणी विचारलं नाही, पण दशरथच्या लक्षात आलं नाही असं नाही; आलं होतं. पण चार मिनिटांत डाव मारल्यावर वीस मिनिटं टाके मोजत कोण बसतं? त्याने फॉर्म भरला: सहाही बॅगा टेल्मॉरच्या नाहीत, पुलर व टॅग बनावट. खाली सही केली.

सही करून झाल्यावर त्याला आठवलं, नईमचं दुकान म्हणजे उबेद.

उबेद मालेगावचा. नऊ वर्षं त्या दुकानात एकटा. शटर तोच उघडायचा, तोच लावायचा. दशरथचा आणि त्याचा जिल्हा एक, म्हणून परदेशात दोघं जवळ आलेले. राधा, दशरथची बायको, इथे आली तेव्हा नईममधली खोली उबेदनेच बघून दिली होती, त्याच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर. ईदला शीरखुर्मा यायचा, चौदा एप्रिलला राधाच्या हातची खीर जायची. आता अस्सल बॅगा बाहेर विकून नकली बॅगा दुकानात ठेवल्या, असा अर्थ त्या कागदाचा होत होता, आणि दुकानात माणूस तर एकच होता.

मंगळवारी उबेदला हेड ऑफिसला बोलावलं. बुधवारी सकाळी गोदामात सगळ्यांना कळलं की उबेदने गुन्हा कबूल असल्याचं लिहून दिलं. पोलिसात जायचं नसेल तर सही कर, असं सांगितलं असणार. त्याने केली. व्हिसा कॅन्सलला गेला. शनिवारचं तिकीट.

दशरथने स्वतःची समजूत घातली. चोर तो चोर. गाववाला असला म्हणून काय त्याला सोडायचं? घरी आल्यावर त्याने राधाला हेच सांगितलं, जरा मोठ्या आवाजात.

राधा चपात्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही. “तुम्ही उबेदभाईंना विचारलंत?”

“मी कशाला विचारू? बॅगा बोलल्या ना.”

“बॅगा बोलल्या,” राधा म्हणाली. “नऊ वर्षं ज्याच्या हातचं खाल्लं, तो माणूस काही बोलला का, ते विचारतेय मी.”

“तुला त्यातलं कळत नाही.”

“नाही कळत,” ती म्हणाली. तिने चपाती तव्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना दशरथने दुकानाच्या गल्लीतून न जाता लांबचा रस्ता धरला.

गुरुवारी दुपारी शंभूने हाक मारली.

जप्त केलेल्या नकली बॅगा कापून टाकायचा नियम होता, म्हणजे त्या परत बाजारात जायला नकोत. कापण्याआधी शंभू कामाचं सामान काढून घ्यायचा. बकलं, पट्ट्या, तळाचा पत्रा. त्या सहातली पहिली बॅग त्याने उलटी करून आतली पायपिंग उसवली होती.

“दादा, इधर आओ तो,” शंभू म्हणाला. “ये देखो.”

त्याने तळाचा प्लास्टिकचा पत्रा पुढे केला. त्याच्या एका कोपऱ्यात शाईचा लंबगोल शिक्का होता, आत कारखान्याचा नंबर आणि लाइन नंबर. टेल्मॉरच्या प्रत्येक बॅगेच्या पोटात हा शिक्का असतो. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून नकलवाले तो मारायच्या भानगडीत पडत नाहीत. मारायचं त्यांना माहीतच नसतं.

“पत्रा दुसरीकडचा टाकला असेल,” दशरथ म्हणाला. पण त्याचा आवाज त्यालाच ओळखीचा वाटला नाही.

“और ये?” शंभूने खिशाजवळची उसवलेली शिवण दाखवली. पायपिंगच्या खाली, अस्तराच्या दोन थरांत, पांढऱ्या सॅटिनचा एक बारीक तुकडा अडकलेला होता. राखाडी दोऱ्याने पकडलेला. बोटाच्या नखाएवढा. कात्रीने कापल्याची सरळ कड.

दशरथ खाली बसला. बाकावर नाही, जमिनीवरच.

तो तुकडा म्हणजे मूळ टॅगचा शिवणीत राहिलेला बुडखा होता. टॅग शिवणीत होता. कारखान्यात, योग्य जागी, योग्य दोऱ्याने बसवलेला होता. मग कुणीतरी तो शिवणीलगत कापला आणि त्याच्यावर दुसरा टॅग वरून शिवला, पांढऱ्या दोऱ्याने. नकलवाला असं कशाला करील? त्याच्याकडे कापायला मूळ टॅगच नसतो.

त्याने बॅग ओढून घेतली आणि सोमवारी जे करायचं होतं ते आता केलं. टाके मोजले. इंचाला सात, सगळीकडे सारखे. पट्ट्याच्या मुळाशी चौकट, चौकटीत फुली, आणि आत आणखी एक आडवी घट्ट शिवण. कच्ची कड कुठेच उघडी नाही. सगळा सांगाडा टेल्मॉरचा. फक्त पट्ट्यातला फोम नेहमीपेक्षा पातळ, अस्तराचा लेप हलका, आणि पुलर पत्र्याचा. जिथे जिथे गिऱ्हाइकाची नजर पहिल्या दिवशी जात नाही, तिथे तिथे कुणीतरी दोन पैसे वाचवले होते. बॅग नकली नव्हती. बॅग आपलीच होती, मुद्दाम हलकी केलेली. तो पत्र्याचा पुलर पोरांच्या ओढाताणीला पुरणारा नव्हताच. त्याची कडी फाकून तो निघून येणारच होता.

“शंभू, हा माल आला कधी?”

शंभूने डोकं खाजवलं. मे महिन्यात, म्हणाला. दादा तेव्हा गावी होते, मुलीच्या लग्नाला. माल आला, पण टॅगवर अरबीत काही लिहिलेलं नव्हतं, तसं इथे चालत नाही. म्हणून चार शिंपी बोलावले, इथेच बसून आठवडाभर टॅग बदलत होते. विलास सरांनीच बोलावले होते. “आपको मालूम नहीं था?”

दशरथला मालूम नव्हतं. दीड महिन्याची रजा. आल्यावर त्याने विचारलंही नव्हतं, मागे काय आलं, कुणी पास केलं. बंद खोकी रॅकवर होती. तो रोज त्यांच्या खालून जायचा.

तो उठला, स्टोअरच्या माणसाला न विचारता शिडी लावली, आणि वरच्या रॅकवरून त्या लॉटचं एक खोकं खाली ओढलं. कारखान्याची टेप तशीच होती. फक्त एका बाजूने कापून पुन्हा साध्या टेपने चिकटवलेलं. आत बारा बॅगा. पहिलीचा पुलर पत्र्याचा. चुंबक टक्कन चिकटला. टॅग वरून शिवलेला, पांढरा दोरा. दुसरी तशीच. बारावी तशीच. पन्नासेक खोकी अजून रॅकवर होती. नईमला फक्त पहिली चार गेली होती, ऑगस्टमध्ये, म्हणून तक्रारी तिथूनच आल्या. उद्या रिफाहूनही येणार होत्या.

उबेदने काही बदललं नव्हतं. दिलं ते विकलं होतं.

आता सांगा, अशा वेळी माणसाला काय वाटत असेल! दशरथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी विलास सरांवर, मग शिंप्यांवर, आणि सगळ्यांवरून फिरून शेवटी जिथे जायची तिथे गेली. चार मिनिटं. ‘ओह’ ऐकायला चार मिनिटं! तो बॅग, पत्रा आणि तो कापलेला तुकडा पिशवीत घालून हेड ऑफिसला निघाला. ड्रायव्हरला त्याने एवढंच सांगितलं, “यल्ला, जल्दी.”

विलास सरांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हते ते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला, हेही दशरथला दिसलं.

“टॅग आपण बदलले, हो,” ते म्हणाले. “पण पगारे, मला वाटलं तुम्हाला हे माहीत आहे. तुम्ही बघितलंत आणि डुप्लिकेट म्हणालात, म्हणजे ते वेगळं काहीतरी असणार असं मी धरलं. मला बॅगांतलं काय कळतं? मी तुमच्यावर विसंबलो.”

“आणि पुलर? फोम?”

“तो कॉस्टिंगचा विषय आहे. वरून ठरतं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आता उबेदचं काय करायचं? त्याने लिहून दिलंय.”

“दबावाने दिलंय, सर.”

“कोणी मारलं नाही त्याला. समोर तुमचा रिपोर्ट ठेवला, त्याने वाचला, सही केली. केलंच नसतं तर माणूस सही कशाला करेल? मालकांचाही हाच प्रश्न असणार. व्हिसा गेलाय कॅन्सलला. खलास झालंय ते.”

“मी दुसरा रिपोर्ट देतो. पहिला चुकीचा होता म्हणून.”

विलास सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “द्या,” ते शेवटी म्हणाले. “पण विचार करून द्या. तुमच्या व्हिसाचं रिन्यूअल नोव्हेंबरात आहे. ज्या माणसाचा एक रिपोर्ट चुकला, त्याचे बाकीचे चौदा वर्षांचे कसे धरायचे, असं कोणी विचारलं तर मी काय उत्तर देऊ?”

हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं की काळजीने, ते दशरथला आजही कळलेलं नाही. त्याने तिथेच, रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरवर, मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. सहाही बॅगा आपल्या आहेत. पुराव्याचे फोटो सोबत आहेत. आधीच्या तपासणीत मी बॅग उलटी करून बघितली नाही. चूक माझी आहे, उबेदची नाही. विलास सरांना पाठवलं, मालकांना पाठवलं, आणि एक प्रिंट काढून घडी घालून खिशात ठेवली. अर्ध्या तासाने मालकांच्या सेक्रेटरीचं उत्तर आलं: मिळालं. एवढंच.

नईमला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. दुकानाचं शटर खाली होतं आणि त्याला नवीन कुलूप होतं. उबेदची खोली लाँड्रीच्या वर. दशरथ जिना चढला. काय म्हणेल तो? शिव्या देईल. द्याव्यातच. गचांडी धरेल. धरावीच. दशरथला मनातून तेच हवं होतं.

उबेदने दार उघडलं. दाढी वाढलेली. मागे जमिनीवर दोन बॅगा अर्ध्या भरलेल्या. खोलीत दोन पलंग होते, त्यातल्या एकावरची गादी गुंडाळलेली.

“या दशरथभाऊ,” तो म्हणाला. नेहमीसारखंच म्हणाला, आणि तेच दशरथला सोसवेना.

तो बसला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. शिक्का, तुकडा, शिंपी, खोकी. मग खिशातला कागद काढून दिला. उबेदने तो हळूहळू वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“म्हणजे बॅगा आपल्याच होत्या,” तो म्हणाला.

“आपल्याच.”

“मी कुठे बदलल्या नव्हत्या. कुणीच बदलल्या नव्हत्या.”

“कुणीच नाही. उबेद, तू सही का केलीस रे? तुला तर माहीत होतं तू काही केलं नाहीस!”

उबेदने कागदाची घडी घातली. “मी केलं नाही हे मला माहीत होतं. पण त्यांनी तुमचा कागद समोर ठेवला. खाली तुमची सही. नऊ वर्षं तुम्ही पास केलेला माल विकतोय मी. गिऱ्हाइकाला सांगायचो, आमच्या गोदामात एक माणूस बसलाय, त्याने हो म्हटलं की अल्लाचं नाव घेऊन घ्या. मग तुम्ही डुप्लिकेट म्हणालात, म्हणजे डुप्लिकेटच. मला दुसरा विचार आलाच नाही. मी नाही केलं, तर मग माझ्या दुकानात दुसऱ्या कुणीतरी केलं. चावी माझी, जबाबदारी माझी. म्हणून सही केली.”

“दुसऱ्या कुणी?”

उबेदने त्या गुंडाळलेल्या गादीकडे बघितलं.

अन्सार. उबेदचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, शरीफुन्निसाचा, धाकटा भाऊ. खाली लाँड्रीत इस्त्रीला होता. सहा वर्षं याच खोलीत राहत होता. दुपारी उबेद जेवायला खोलीवर आला की तासभर दुकानात तोच बसायचा.

“चावी त्याच्याकडे असायची,” उबेद म्हणाला. “मंगळवारी घरी आलो आणि त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस, दशरथभाऊंनी बॅगा तपासल्यात. तो रडायला लागला. मला वाटलं, सापडला म्हणून रडतोय.” तो थांबला. “मी मारलं त्याला, भाऊ. छत्तीस वर्षांचा माणूस, दोन लेकरांचा बाप. लाँड्रीवाल्यांसमोर मारलं. त्याच दिवशी सामान घेऊन मुहर्रकला गेला, कुणाकडे तरी. शरीफुन्निसाला मी फोनवर सांगून टाकलं, तुझा भाऊ चोर निघाला, त्याच्यापायी माझी नोकरी गेली. ती दोन दिवस जेवलेली नाही. सासूने अंथरूण धरलंय.”

खाली लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीचा फुस्स आवाज येत राहिला.

“नोकरीचं सोडा,” उबेद म्हणाला. “ते जिथलं दाणापाणी तिथे मिळेल, इंशाल्ला. पण हे तुम्हीच सांगा त्याला. माझा फोन तो उचलत नाही. तुमचा नंबर त्याच्या ओळखीचा नाही, उचलेल.”

त्याने नंबर सांगितला. दशरथने तो दाबला. तीन वेळा रिंग गेली आणि पलीकडून आवाज आला, “हॅलो, कोण?”

“अन्सार, मी दशरथ पगारे बोलतोय. सलमाबादहून. तुझ्या दाजींच्या कंपनीतला. त्या बॅगा मी तपासल्या होत्या. मी चुकलो. बॅगा अस्सल होत्या, कुणीच बदलल्या नव्हत्या. तू काही केलं नाहीस. उबेदनेही नाही. नीट बघितलं नाही मी. मला माफ कर बाबा.”

अन्सार बोलला, अगदी शांतपणे, त्याच्या मालेगावी मराठीत. “काका, मी त्या रात्री कुराण हातात घेतलं होतं. त्यांच्यासमोर. दुल्हेभाई म्हणाले, कुराण खाली ठेव, दशरथभाऊंनी लिहून दिलंय.”

दशरथने डोळे मिटले.

“उबेद इथेच आहे,” तो कसाबसा म्हणाला. “परवा चाललाय तो. त्याला देऊ फोन? एकदा बोल.”

“नको,” अन्सार म्हणाला. “त्यांना सांगा, अम्मीला मी कळवतो तुम्ही फोन केला म्हणून. त्यांच्याशी मला बोलायचं नाही.” आणि फोन बंद झाला.

उबेद समोर उभा होता, हात थोडा पुढे केलेला, फोन घ्यायला. “काय म्हणाला? येतो म्हणाला?”

येतो म्हणाला, एवढंच खोटं सांगायचं होतं. दोन शब्द. उबेदचा शनिवारपर्यंतचा वेळ तरी बरा गेला असता, आणि नंतर कोण विचारायला येणार होतं? दशरथच्या जिभेवर ते आलं होतं. पण नऊ वर्षं हा माणूस त्याच्या शब्दावर चालत आला होता, आणि आत्ताही, एवढं सगळं झाल्यावरही, त्याच विश्वासाने तोंडाकडे बघत होता.

“नाही,” दशरथ म्हणाला. “बोलायचं नाही म्हणाला.”

उबेदने हात मागे घेतला. “बरं,” तो म्हणाला, आणि अन्सारच्या रिकाम्या पलंगाच्या कडेवर बसला. दशरथ त्याच्याशेजारी बसला. उबेद उठून गेला नाही, आणि दशरथला त्याहून जास्त काही मागायला तोंडच उरलं नव्हतं.